इथेनॉल, अन्न आणि जमीन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट आधी २०३० साठी होते. ते अलीकडे आणून २०२५ मध्येच गाठले गेले. तेव्हापासून वाचकांकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येत आहेत, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. हिशेब मांडताना गृहीतके सोबत दिली आहेत, म्हणजे ज्यांचे आकडे वेगळे असतील त्यांना ते बदलून पाहता येतील.

१. पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे इथेनॉल नेमके कशापासून बनते?

मुख्यतः ऊस आणि धान्य या दोन गोष्टींपासून, पण उसाचे मार्ग एकाहून अधिक आहेत आणि पुढची बरीचशी चर्चा त्यांच्यातील फरकावर उभी आहे. साखर काढून झाल्यावर उरलेल्या अखेरच्या मळीला कारखान्यात ‘सी हेवी’ म्हणतात. एक टन ऊस गाळला की या मळीतून दहा लिटरच्या आसपास इथेनॉल मिळते आणि साखरेत काहीही घट होत नाही. एक टप्पा आधीच थांबून ‘बी हेवी’ मळी घेतली, तर इथेनॉल अठरा ते वीस लिटरवर जाते, मात्र टनामागे साधारण पंधरा किलो साखर कमी निघते. थेट रसापासून किंवा सिरपपासून सुमारे ७० लिटर इथेनॉल मिळते, पण त्या उसाची सगळीच साखर, म्हणजे शंभर ते एकशे दहा किलो, हातची जाते. धान्यामध्ये एक टन मक्यापासून सुमारे ३८० लिटर आणि तांदळापासून त्याहून थोडे अधिक इथेनॉल निघते.

म्हणून ‘इथेनॉल चांगले की वाईट’ या प्रश्नाला एकच उत्तर नसते. सी हेवी मळीचे इथेनॉल आणि मक्याचे इथेनॉल टाकीत एकसारखेच दिसते, पण त्यांच्यामागे लागलेली जमीन अगदी वेगळी असते.

२. पिकाने हवेतून घेतलेलाच कार्बन जळताना परत हवेत जातो. मग इथेनॉल आपोआप कार्बन-तटस्थ का होत नाही?

कारण ते पीक इथेनॉलसाठी वापरले नसते, तरीही ते शेत रिकामे राहिले नसते. समजा, एका शेतात दरवर्षी मका पिकतो आणि तो कोंबड्यांच्या खाद्याला जातो. हा मका हवेतून कार्बन घेतच होता. आता तोच मका इथेनॉल बनवणाऱ्या आसवनीत गेला, तर शेताने घेतलेल्या कार्बनमध्ये एका ग्रॅमचीही भर पडलेली नाही. बदलला आहे तो केवळ त्या मक्याचा खरेदीदार. गाडीच्या धुराड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड ‘भरून निघाला’ असे म्हणायचे असेल, तर तीनपैकी एक गोष्ट घडावी लागते. एकतर कुठेतरी नव्याने जादा पीक उगवले पाहिजे, किंवा अन्यथा कुजून अथवा जळून वाया जाणारा माल वापरला गेला पाहिजे, किंवा कोणीतरी कमी खाल्ले पाहिजे.

तिसरी शक्यता वाचायला कठोर वाटते, पण ती गणितात असतेच. भाव वाढल्यामुळे एखाद्या कुटुंबाने अंडी कमी घेतली, तर कागदावर उत्सर्जन घटलेले दिसते. अशी घट इंधनाच्या खात्यावर श्रेय म्हणून जमा करणे मला मान्य नाही. पहिल्या शक्यतेत नवे पीक जुन्याच जमिनीवर अधिक उताऱ्यामुळे आले की नवी जमीन मोडून आले, हा पुढचा प्रश्न उभा राहतो. त्यासाठी प्रश्न ५ पाहावा.

३. उसाच्या रसापासून केलेल्या एका लिटर इथेनॉलमुळे प्रत्यक्षात किती उत्सर्जन वाचते?

एक हेक्टर सुरू ऊस घेऊ. उतारा ८० टन आणि टनाला ७० लिटर धरले, तर हेक्टरी ५,६०० लिटर इथेनॉल होते. इथे ज्वलनातून निघणारा कार्बन शून्य धरला आहे, म्हणजे प्रश्न २ मधील हरकत तूर्त बाजूला ठेवली आहे.

सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे. जमिनीत टाकलेल्या नत्रापैकी साधारण एक टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने निसटतो, असे आंतरराष्ट्रीय पातळीवरचे सर्वसाधारण गृहीतक आहे. त्यातून सुमारे चार किलो नायट्रस ऑक्साइड तयार होतो. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवणारा असल्याने तो जवळपास १,०७० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भरतो, म्हणजे लिटरमागे १९० ग्रॅम. युरिया बनवताना किलोभर नत्रामागे तीन किलो उत्सर्जन धरले, तर लिटरमागे आणखी १३५ ग्रॅम होतात. पाण्याचे पाहू. हंगामात १०,००० घनमीटर पाणी वीस मीटर उचलले आणि पंपाची एकूण कार्यक्षमता ४० टक्के असली, तर सुमारे १,३६० युनिट वीज लागते. कोळशावर चालणाऱ्या आपल्या विजेचे युनिटमागे ७०० ग्रॅम धरल्यास लिटरमागे १७० ग्रॅम येतात. नांगरट, तोडणी आणि वाहतुकीचे शंभरेक ग्रॅम मिळवले की एकूण ६०० ग्रॅम होतात. कारखान्याचा बॉयलर बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, चालत असल्याने तिथे फारशी भर पडत नाही.

दुसऱ्या बाजूला, एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश ऊर्जा असते. विहिरीपासून धुराड्यापर्यंत लिटरभर पेट्रोलचे २.८ किलो उत्सर्जन धरले, तर एका लिटर इथेनॉलने १.८५ किलो टळते. त्यातून ६०० ग्रॅम वजा केले की सव्वा किलो बचत उरते, म्हणजे जवळपास दोन-तृतीयांश. हा आकडा चांगला आहे. पण हाच ऊस शंभर मीटर खोल बोअरवेलवर असेल, तर पाण्याचे १७० ग्रॅम ८५० होतात आणि बचत एक-तृतीयांशाच्याही खाली येते. कालव्याच्या पाण्यावरचा ऊस आणि खोल बोअरवरचा ऊस एकाच काट्यावर वजन होऊन एकाच गव्हाणीत पडतात. त्यांच्यातील हा फरक कोणत्याही नोंदीत उमटत नाही.

४. हाच हिशेब मक्याला लावला तर?

चित्र बरेच बदलते. महाराष्ट्रातील खरीप मका हेक्टरी तीन टन आणि नत्र १२० किलो धरले, तर एका हेक्टरमधून १,१४० लिटर इथेनॉल मिळते. प्रश्न ३ मधील रीतीनेच नायट्रस ऑक्साइड आणि युरियाचे मिळून लिटरमागे सुमारे ७७० ग्रॅम होतात. इथेनॉलबरोबर टनामागे ३०० किलोच्या आसपास चोथाही मिळतो. तो वाळवून ‘डीडीजीएस’ या नावाने पशुखाद्यासाठी विकला जातो. म्हणून शेतीतील उत्सर्जनाचा तिसरा हिस्सा त्याच्या नावावर टाकणे रास्त ठरते. मग इथेनॉलच्या वाट्याला ५०० ग्रॅम उरतात.

खरी अडचण पुढे आहे. धान्याच्या आसवनीला स्वतःचा बगॅस नसतो. पिष्ट शिजवणे, मद्यार्क ऊर्ध्वपातित करणे आणि ओला चोथा वाळवणे या सर्वांना वाफ लागते. ती वाफ कोळशावर केली, तर लिटरमागे पाऊण ते सव्वा किलो उत्सर्जन होते. मधला एक किलो धरला, तर एकूण दीड किलो होतात आणि टळते ते १.८५ किलो. वाहतूक धरण्याआधीच बचत पाचव्या हिश्शाच्या खाली आलेली असते. बॉयलर भाताच्या तुसावर किंवा अन्य शेती-अवशेषांवर चालत असेल, तर बचत पुन्हा निम्म्याच्या वर जाते. रब्बीचा बागायती मका सहा टन उतरत असेल, तर खताचा बोजाही लिटरमागे कमी होतो, पण नत्राची मात्राही वाढवली असेल तर तितका होत नाही.

हा हिशेब कोळशाच्या बाजूने इतका संवेदनशील आहे की आसवनीचा परवाना देताना बॉयलरचे इंधन ही पहिली अट असायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

५. ‘अप्रत्यक्ष जमीनबदल’ म्हणजे काय, आणि त्यावर इतका वाद का आहे?

एका ठिकाणचे पीक इंधनाकडे वळले की त्या पिकाची उणीव दुसरीकडे भरून काढली जाते. तिथे कुरण किंवा जंगल मोडले, तर माती आणि झाडांमध्ये साठलेला कार्बन एकदाच, पण मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो. २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात याविषयीचे दोन अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले. टिमथी सर्चिंगर आणि सहकाऱ्यांनी असे मांडले की हा परिणाम धरल्यास अमेरिकी मक्याच्या इथेनॉलमुळे तीस वर्षांच्या काळात उत्सर्जन घटण्याऐवजी जवळपास दुप्पट होते. जोसेफ फार्जोन आणि सहकाऱ्यांनी हे ‘कार्बनचे कर्ज’ फिटायला किती वर्षे लागतात ते काढले. ब्राझीलमधील सेराडो प्रदेश मोडून लावलेल्या उसाला सुमारे १७ वर्षे, अमेरिकेतील गवताळ जमीन मोडून लावलेल्या मक्याला ९३ वर्षे, आणि इंडोनेशियातील दलदली जंगल काढून लावलेल्या पामच्या बायोडिझेलला ४२३ वर्षे.

वाद आहे तो मात्रेवर. सर्चिंगर यांचा आकडा नंतरच्या अनेक गणिती प्रतिमानांत बराच खाली आला, कारण भाव वाढल्यावर शेतकरी उतारा किती वाढवतात आणि नवी जमीन किती मोडतात याची गृहीतके बदलली. हा आकडा शेतात मोजता येत नाही, तो प्रतिमानातूनच काढावा लागतो. पण तो मोजता येत नाही म्हणून शून्य धरणे ही त्याहून मोठी चूक ठरते.

आपल्याकडे ही साखळी कशी चालते ते मक्यावरून दिसते. वर्षानुवर्षे मका निर्यात करणाऱ्या भारताने २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेनमधून मका आणला. दुसरी साखळी सोयाबीनची आहे आणि ती प्रश्न ७ मध्ये येते.

६. मका तर माणसे फारशी खात नाहीत. मग ‘अन्न विरुद्ध इंधन’ हा प्रश्न येतोच कुठे?

तो कोंबडीच्या वाटेने येतो. दोन किलोचा ब्रॉयलर तयार होईपर्यंत साधारण सव्वातीन किलो खाद्य खातो आणि त्यात साठ टक्क्यांच्या आसपास मका असतो. म्हणजे एका पक्ष्यामागे सुमारे दोन किलो मका लागतो.

आता रोज एक लिटर पेट्रोल लागणारी एक दुचाकी घेऊ. वर्षाच्या ३६५ लिटरमध्ये ७३ लिटर इथेनॉल असते. ते सगळे मक्याचे असेल, तर १९० किलोंहून थोडा अधिक मका लागला, म्हणजे तीन टन उताऱ्याने साडेसहा गुंठे जमीन आणि जवळपास शंभर कोंबड्यांचा मका. त्यातला साठेक किलो माल डीडीजीएसच्या रूपाने खाद्यात परत येतो, पण त्यात प्रथिने असतात, मक्याचे पिष्ट नसते. ते तर इथेनॉल झालेले असते. हेच ७३ लिटर उसाच्या रसाचे असतील, तर टनभर ऊस आणि सव्वा ते दीड गुंठा जमीन पुरते. सी हेवी मळीचे असतील, तर वेगळी जमीन लागतच नाही.

अंडी आणि चिकन हा आज ग्रामीण भागातही प्रथिनांचा एक महत्त्वाचा आधार झाला आहे, त्यामुळे मका ‘फक्त पशुखाद्य’ आहे असे म्हणून हा प्रश्न निकाली निघत नाही. तरीही दुसरी बाजू तितकीच खरी आहे. मक्याला वर्षानुवर्षे हमीभावही मिळत नव्हता आणि इथेनॉलच्या मागणीनेच कोरडवाहू मका उत्पादकाला प्रथमच पक्का खरेदीदार दिला. भाववाढीचा फटका आणि भाववाढीचा लाभ हे दोन्ही गावातच असतात, पण बहुधा वेगवेगळ्या घरांत.

७. सोयाबीनचे भाव पडण्याशी इथेनॉलचा काय संबंध?

सोयाबीनची किंमत तेलाइतकीच पेंडीवर ठरते. मका आणि तांदळाच्या आसवन्या वाढल्या तसा स्वस्त डीडीजीएस बाजारात आला आणि पशुखाद्य कारखानदारांनी सोयापेंडीचा काही भाग त्याने भरून काढला. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना विदर्भ-मराठवाड्यातील बाजार समित्यांत भाव त्याच्या बरेच खाली राहिले. जागतिक बाजारातील मंदी हेही त्याचे मोठे कारण होते, त्यामुळे सगळा दोष डीडीजीएसवर टाकता येणार नाही. मात्र तो एक धक्का नक्कीच होता.

याचा जमिनीशी संबंध असा की सोयाबीन परवडत नाही म्हणून शेतकरी मक्याकडे वळतो, तेलबियांचे क्षेत्र घटते, आणि आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आधीच आयात होत असल्याने ती उणीव बहुतांशी पामतेलाने भरली जाते. त्या पामतेलामागची जमीन इंडोनेशिया आणि मलेशियात आहे. कच्च्या तेलाच्या आयातीत झालेल्या बचतीचा आकडा सांगताना ही वजाबाकीही सांगितली पाहिजे.

८. देशात साखर जादा होत असेल, तर तिचे इथेनॉल करण्यात गैर काय?

खरोखर जादा असेल, तर गैर काही नाही. साखर पडून राहिली की कारखान्यांचे पैसे अडकतात आणि ऊस उत्पादकांची एफआरपी थकते. इथेनॉलने हा तिढा बराच सोडवला. पण ‘जादा’ हे पावसावर ठरते. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. साखर कमी पडण्याची धास्ती निर्माण झाली आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने रस व सिरपपासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. आठवडाभरातच ती सैल करून १७ लाख टन साखरेपर्यंतचा वापर खुला केला गेला. हे निर्बंध पुढच्या वर्षासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये उठले.

यातून अडचण अशी दिसते की मिश्रणाचे उद्दिष्ट दरवर्षी ठरलेले असते आणि पाऊस ठरलेला नसतो. उसाची तूट पडलेल्या त्याच काळात आसवन्या मक्याकडे वळल्या. म्हणजे साखरेवरचा ताण नाहीसा झाला नाही, तो धान्याकडे सरकला.

दुसरी गोष्ट अशी की ‘जादा’ हे नैसर्गिक नाही. खात्रीचा भाव आणि खात्रीचा खरेदीदार यांमुळे उसाचे क्षेत्र टिकते. इथेनॉल आधी या जादा उसावरचा उपाय होता. आता तेच तो ऊस टिकवण्याचे एक कारण झाले आहे.

९. जमिनीपेक्षा पाण्याचा प्रश्न मोठा नाही का?

महाराष्ट्रात आहे. निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते असे म्हटले आहे. साओ पाउलोमधील बहुतांश ऊस पावसावर वाढतो, म्हणून ब्राझीलचे दाखले इथे तसेच्या तसे लागू होत नाहीत. सोलापूर किंवा मराठवाड्यात एका हेक्टर उसाचे पाणी कित्येक हेक्टर ज्वारी-हरभऱ्याला संरक्षित पाणी म्हणून पुरले असते. म्हणून ऊस जमीन कमी घेतो हे प्रश्न ६ मधले उत्तर आपल्याकडे अर्धेच खरे आहे. तो स्वतःच्या बांधापलीकडची शेतीही कोरडी ठेवतो.

१०. सरकारी गोदामांतील तांदूळ इथेनॉलला देणे योग्य आहे का?

अन्न महामंडळाचा तांदूळ आसवन्यांना देणे जुलै २०२३ मध्ये थांबवले होते. पुढे साठा वाढल्यावर ते पुन्हा सुरू झाले आणि २०२४-२५ साठी क्विंटलला २,२५० रुपये दराने ५२ लाख टनांपर्यंत तांदूळ देऊ केला गेला. खरेदी, साठवण आणि वाहतूक धरून महामंडळाला हाच तांदूळ चार हजारांच्या आसपास पडतो. हा फरक इंधनावरचे अनुदानच आहे, फक्त ते अन्नाच्या खात्यात लिहिले जाते. हवामानाच्या दृष्टीने तर भात हा सर्वांत वाईट कच्चा माल आहे, कारण पाणी तुंबवलेल्या शेतातून मिथेन निघतो. किडलेला, खाण्यास अयोग्य तांदूळ असेल, तर मात्र माझी काही हरकत नाही. तो वाया जाणारच होता.

११. पडीक जमिनीवर जट्रोफा लावला, तर अन्नाशी स्पर्धाच होणार नाही ना?

हा प्रयोग होऊन गेला आहे. २००९ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट होते आणि बायोडिझेलची मदार पडीक जमिनीवरील अखाद्य तेलबियांवर होती. जट्रोफा हलक्या जमिनीत जगतो खरा, पण पाणी आणि खत नसताना बी फारच कमी देतो. शिवाय महसुली दप्तरात पडीक असलेली जमीन प्रत्यक्षात गायरान असते. तिथे शेळ्या चरतात आणि सरपण मिळते.

१२. मग भाताच्या पेंढ्यासारख्या अवशेषांपासून इथेनॉल का वाढत नाही?

तत्त्वतः तोच सर्वांत स्वच्छ मार्ग आहे. पानिपत येथे इंडियन ऑइलचा पेंढ्यावर चालणारा प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाला. त्याची क्षमता वर्षाला सुमारे तीन कोटी लिटर आहे आणि देशाची गरज शेकडो कोटी लिटरची आहे. पेंढा हलका आणि जागा अडवणारा असतो, तो काही आठवड्यांतच गोळा करून वर्षभर कोरडा ठेवावा लागतो. त्यातील सेल्युलोज लिग्निनमध्ये अडकलेले असते आणि ते सोडवायला आम्ल, वाफ व महागडी विकरे लागतात. महाराष्ट्रापुरते पाहिले तर उसाचे पाचट शेतातच कुजवणे मला अधिक हिताचे वाटते, कारण आपल्या जमिनींना सेंद्रिय कर्बाची गरज आहे.

१३. त्याच जमिनीवर सौर पॅनल लावले, तर किती अंतर जाता येईल?

प्रश्न ३ मधील ५,६०० लिटर इथेनॉल म्हणजे ऊर्जेच्या हिशेबाने ३,७०० लिटर पेट्रोल होते. लिटरला १८ किलोमीटर धावणारी मोटार त्यावर ६६ हजार किलोमीटर जाईल. एक मेगावॉट सौर प्रकल्पाला साधारण दोन हेक्टर जमीन लागते आणि तो वर्षाला पंधरा लाख युनिट वीज देतो, म्हणजे हेक्टरी साडेसात लाख. चार्जिंगमधील घट वजा जाता युनिटला सहा किलोमीटर धरले, तर सुमारे ४५ लाख किलोमीटर होतात, जवळपास अडुसष्ट पट. पॅनलला पिकासारखे पाणी लागत नाही, त्यामुळे ते माळरानावरही चालतात. अर्थात, रस्त्यावरच्या कोट्यवधी पेट्रोल गाड्या उद्या विजेवर चालणार नाहीत, आणि तोवर मळीच्या इथेनॉलला जागा आहेच.

१४. एखाद्या आसवनीचे इथेनॉल खरोखर उत्सर्जन कमी करते का, हे कसे ओळखावे?

सभासद किंवा शेजारी म्हणून वार्षिक सभेत किंवा पर्यावरणविषयक जनसुनावणीत काही गोष्टी विचारता येतात. वर्षभरात किती दिवस मळीवर, किती दिवस रसावर आणि किती दिवस धान्यावर आसवनी चालली, हे सर्वांत आधी विचारावे. बॉयलरमध्ये वर्षाला किती टन कोळसा जळाला हा आकडा मिळाला, तर त्याला एकूण लिटरने भागावे. लिटरमागे अर्धा किलो कोळसा गेला असेल, तर पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड तिथेच गेला. स्पेंट वॉश, म्हणजे आसवनीचे सांडपाणी, उघड्या खड्ड्यात साठवत असतील, तर मिथेन निघतच राहतो, आणि बंद टाकीत बायोगॅस करून तो बॉयलरला देत असतील, तर तेवढे इंधन वाचते. धान्य कुठून आले हेही विचारावे, कारण दोनशे किलोमीटरवरून आलेला मका म्हणजे स्थानिक मका उत्पादकाला झालेला लाभ नव्हे. बहुसंख्य ठिकाणी हे सगळे आकडे कारखान्याकडे रोजच्या रोज लिहिलेले असतात.